टेम्पोच्या फळीवरचं खोकं: खडबडीत उतारावरची एफबीडी काढायची कशी

टेम्पोच्या हौद्याला एक फळी लावली आहे. हौदा जमिनीपासून १ मीटर उंच, फळी २ मीटर लांब. फळीवर ४० किलोचं लाकडी खोकं आहे. एक माणूस खालच्या बाजूने ते फळीला समांतर, वरच्या दिशेने, ३०० न्यूटन बलाने रेटतो आहे, तरी खोकं जागचं हलत नाही. फळी आणि खोकं यांच्यातला स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आहे. तर खोक्यावर घर्षण किती, आणि कोणत्या दिशेला?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की निम्म्याहून जास्त वह्यांत पहिली ओळ μN ची पडते. उत्तर १७३ न्यूटन. मग दिशेवरून दोन तट पडतात. एक म्हणतो घर्षण वर, कारण उतारावर घर्षण वरच असतं. दुसरा म्हणतो खाली, कारण माणूस वर रेटतोय. दिशेत दुसरा तट बरोबर आहे, पण आकडा दोघांचाही चूक. खरं उत्तर १०० न्यूटन, फळीवरून खालच्या दिशेने.

सूत्रं सगळ्यांची पाठ असतात. चुकते ती आकृती, आणि आकृतीतही बहुतेक वेळा एकच बाण चुकतो. म्हणून या लेखात दुसरं गणित घेत नाही. हेच खोकं शेवटपर्यंत धरून ठेवू आणि परिस्थिती बदलली की त्याची एफबीडी, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, कशी बदलते ते पाहू. आकडेमोड सोपी राहावी म्हणून g = १० मी/से² धरू. फळी २ मीटर आणि उंची १ मीटर म्हणजे sinθ = १/२, कोन ३०°. गतिक घर्षणाचा गुणांक ०.४ घेऊ.

आधी खोकं फळीवरून उचला

प्रश्नातलं चित्र आणि एफबीडी या दोन वेगळ्या आकृत्या आहेत. पहिल्या चित्रात फळी, टेम्पो, माणूस, जमीन, कोन असं सगळं असतं. एफबीडीत फक्त खोकं असतं. पानाच्या डाव्या बाजूला प्रसंगाचं चित्र काढा, आणि उजवीकडे कोऱ्या जागेवर एकटं, थोडं तिरकं खोकं. फळीची रेघ एफबीडीत काढू नका. फार तर दिशा लक्षात राहावी म्हणून एक फिकट तुटक रेघ चालेल.

फळीच्या चित्रावरच बाण काढायला काय हरकत, असं मुलं विचारतात. हरकत अशी की तिथे फळीवर लागणारी बलंही नकळत काढली जातात. खोकं फळीला दाबतं तो बाण खालच्या दिशेने काढला जातो, आणि मग बेरजेत तोही खोक्यावरचं बल म्हणून मोजला जातो. कोऱ्या जागेवर एकटं खोकं असलं की हा गोंधळ होत नाही, कारण ज्याच्यावर बाण लावायचा ती फळीच तिथे नसते.

आणखी एक बारीक गोष्ट. उतार काढताना तो ४५ अंशांसारखा दिसेल असा काढू नका. ४५° ला sin आणि cos सारखेच, त्यामुळे आकृतीत दोन्ही घटक सारख्या लांबीचे दिसतात आणि अदलाबदल झाली तरी डोळ्याला खटकत नाही. २० ते ३० अंशांचा पसरट उतार काढा. मग लहान घटक कुठला आणि मोठा कुठला हे आकृतीच सांगते.

खोक्याला कोण शिवतंय?

आता बाण. सूत्र आठवण्याऐवजी एवढंच विचारा: खोक्याला कोण कोण शिवतंय? फळी शिवते आहे, माणसाचे हात शिवत आहेत. यादी संपली. न शिवता बल लावणारी एकच गोष्ट या प्रश्नात आहे, ती म्हणजे पृथ्वी. हवेचा विरोध इथे सोडून देऊ.

पृथ्वीचा बाण mg, सरळ खाली. सरळ खाली म्हणजे पानाच्या खालच्या कडेकडे, फळीला लंब नव्हे. ४० किलोच्या खोक्यासाठी तो ४०० न्यूटनचा. माणसाचा बाण P, फळीला समांतर आणि वर. फळी मात्र दोन बाण देते. फळीला लंब आणि फळीपासून बाहेरच्या दिशेला नॉर्मल, N. आणि फळीला समांतर घर्षण, f. खरं तर फळी एकच बल देते, आपण हिशोबाच्या सोयीसाठी त्याचे दोन तुकडे करतो. ही गोष्ट पुढे ताळा करताना उपयोगी पडेल.

म्हणजे बाण चारच. पाचवा बाण काढावासा वाटला तर स्वतःला विचारा की हे बल देतंय कोण. 'घसरण्याचं बल' कोण देतं? कुणीच नाही. 'गतीचं बल' कोण देतं? कुणीच नाही. ma हेसुद्धा बल नाही. ते समीकरणाच्या उजव्या बाजूला येतं, आकृतीत नाही. देणारा सापडला नाही तर बाण खोडा.

घर्षणाचा बाण आत्ताच काढू नका. त्याच्यासाठी जागा ठेवा, f असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. तो शेवटी काढायचा बाण आहे.

वजनाचे दोन घटक, पण वेगळ्या शाईत

अक्ष कसेही घेता येतात, पण उतारावर x अक्ष फळीला समांतर आणि y अक्ष फळीला लंब घेणं सोयीचं. कारण साधं आहे. खोकं सरकलंच तर फळीच्या बाजूनेच सरकणार, ते फळीतून आत जाणार नाही की उडणारही नाही. म्हणजे y दिशेचा त्वरण शून्य असल्याची खात्री आधीपासूनच आहे. शिवाय चार बाणांपैकी N, f आणि P हे तीन आपोआप अक्षांवर बसतात. तोडायचा राहतो फक्त mg.

कोणता घटक sin आणि कोणता cos हे पाठ करू नका, दोन मिनिटांत कोन शोधता येतो. फळी आडवी असताना तिच्यावरचा लंब सरळ उभा असतो, म्हणजे वजनाच्या रेषेवरच. आता फळी θ ने उचला. फळीबरोबर तिचा लंबही θ नेच कलतो. वजनाची रेषा मात्र हलत नाही. म्हणून वजन आणि लंब यांच्यातला कोन θ. लंबाच्या दिशेचा घटक कोनाला लागून आहे, म्हणून mg cosθ. फळीच्या बाजूचा घटक कोनाच्या समोर आहे, म्हणून mg sinθ.

तरी शंका राहिली तर फळी मनातल्या मनात आडवी करा. θ = ० ला फळीच्या बाजूने खेच शून्य व्हायला हवी. sin ० शून्य आहे, cos ० नाही. झालं.

आपल्या खोक्यासाठी mg sinθ = २०० न्यूटन, फळीवरून खाली. mg cosθ = ३४६ न्यूटन, फळीत आत.

हे दोन घटक एफबीडीत काढायचेच असतील तर पेन्सिलीने तुटक काढा आणि मूळ mg च्या बाणावर एक नागमोडी रेघ मारा, म्हणजे तो आता मोजायचा नाही. हे सांगण्याचं कारण एका मुलीची वही. आकृती इतकी सुबक की छापायला द्यावी: mg, mg sinθ, mg cosθ, N आणि f, पाचही बाण एकाच निळ्या शाईत, एकाच जाडीचे. माणूस नसताना हेच खोकं किती त्वरणाने घसरेल, असा प्रश्न होता. तिने mg sinθ चे २०० धरले, मग mg चा बाण दिसला म्हणून त्याचा फळीच्या बाजूचा घटक, आणखी २००, तोही घेतला. ४०० मधून घर्षणाचे १३९ वजा, भागिले ४०, उत्तर ६.५ मी/से².

उत्तर चूक आहे हे सूत्राशिवाय कळायला हवं. फळी तेलकट गुळगुळीत असती तरी खोकं g sinθ म्हणजे ५ मी/से² नेच घसरलं असतं. कुणी वरून ढकलत नसताना खडबडीत फळीवर ते त्याहून जोरात कसं जाईल? घटक म्हणजे बलाची नवी भर नाही, त्याच बलाची मोड आहे. शंभराची नोट मोडून पन्नासच्या दोन घेतल्या तर खिशात दोनशे होत नाहीत.

नॉर्मल आधी, घर्षण नंतर

क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं समीकरण लंब दिशेचं लिहा. लंब दिशेला त्वरण शून्य, म्हणून:

N = mg cosθ = ३४६ न्यूटन

हे नेहमीचं सूत्र आहे म्हणून लिहायचं नाही, इथल्या आकृतीत लंब दिशेला दोनच बाण आहेत म्हणून लिहायचं. माणसाने फळीला समांतर रेटलं म्हणून P इथे आला नाही. तो तिरका असता तर आला असता. त्याकडे पुढे वळू.

आता घर्षण. स्थितिक घर्षणाचं सूत्र बरोबरीचं नाही, मर्यादेचं आहे:

f ≤ μ N

०.५ गुणिले ३४६ म्हणजे १७३ न्यूटन. फळी *जास्तीत जास्त* एवढं घर्षण देऊ शकते. देतेच असं नाही. उधारीची मर्यादा पाच हजार आहे म्हणून कुणी रोज पाच हजारांची उधारी करत नाही, लागेल तेवढीच करतो. फळीही लागेल तेवढंच घर्षण देते.

म्हणून पुढची पायरी अशी. घर्षण क्षणभर विसरा आणि फळीच्या बाजूची उरलेली बलं बघा. आपल्या प्रश्नात माणूस वर ३०० ने रेटतो, वजनाचा घटक खाली २०० ने खेचतो. घर्षण नसतं तर खोकं वर गेलं असतं. म्हणजे घर्षण खाली. स्थिर राहायला किती लागेल? ३०० वजा २००, म्हणजे १००. फळी १७३ पर्यंत देऊ शकते, १०० त्यात बसतात. म्हणून खोकं स्थिर आणि f = १०० न्यूटन, खाली. आता प्रश्नचिन्ह खोडा आणि बाण काढा.

या कृतीतली ओळ वहीत जशीच्या तशी लिहायची सवय लावा: लागणारं घर्षण १००, मिळू शकणारं १७३, म्हणून स्थिर. लागणारं जास्त निघालं असतं तर खोकं सरकलं असतं, आणि मग स्थितिक घर्षण सोडून गतिक घर्षणाचा हिशोब सुरू झाला असता.

तोच माणूस, जोर वेगवेगळा

आता P बदलत नेऊ. वहीत एकाखाली एक पाच छोट्या एफबीडी काढून बघा. mg आणि N चे बाण पाचही वेळा अगदी तेच राहतात. बदलतात फक्त P आणि f.

माणसाने हात काढून घेतले, P = ०. खाली २०० ची खेच, स्थिर राहायला वर २०० लागतील, मिळणार १७३. भागत नाही. खोकं घसरतं.

P = १००. खाली २००, वर १००. उरलेले १०० घर्षण देतं, *वरच्या* दिशेने. खोकं स्थिर.

P = २००. दोन्ही बरोबर. घर्षणाची गरजच नाही. फळी कितीही खडबडीत असो, घर्षण शून्य. या एफबीडीत f चा बाण काढायचाच नाही. इथे परीक्षेत मुलांचा हात थरथरतो, खडबडीत म्हटल्यावर बाण नको कसा! पण नको म्हणजे नको.

P = ३००. मघाशी पाहिलं, घर्षण १००, *खालच्या* दिशेने.

P = ३७३. घर्षण पूर्ण १७३, खाली, मर्यादेला टेकलेलं. याच्या वर एक न्यूटन गेला की खोकं वर चढायला लागेल.

P १०० असताना आणि ३०० असताना घर्षणाचा आकडा एकच आहे, दिशा उलट. 'उतारावर घर्षण वरच्या दिशेला असतं' हे वाक्य कुठे मोडतं ते या दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की दिसतं. ते वाक्य फक्त P २०० पेक्षा कमी असेपर्यंत खरं आहे.

आणि खालचं टोक? खोकं घसरू नये म्हणून किमान किती रेटावं लागेल? घर्षण पूर्ण १७३ वर देत असेल तर माणसाला २०० वजा १७३, फक्त २७ न्यूटन द्यावे लागतील. म्हणजे २७ ते ३७३ या सगळ्या पट्ट्यात खोकं जागच्या जागी राहतं. टेम्पो भरणाऱ्यांना हे हातांनी माहीत असतं. अर्ध्या फळीवर दम खायला थांबायचं तर नुसता गुडघा टेकवला तरी खोकं राहतं, पण पुन्हा वर न्यायचं तर सगळा जोर लावावा लागतो.

सरकायला लागल्यावर

खोकं सरकू लागलं की दिशेचा प्रश्न सोपा होतो आणि आकडाही ठरलेला असतो. गतिक घर्षण म्हणजे μN, इथे ०.४ गुणिले ३४६, १३९ न्यूटन, आणि दिशा सरकण्याच्या उलट. 'लागणारं' आणि 'मिळणारं' असा भेद आता उरत नाही.

इथली चूक वेगळीच असते. समजा माणसाने खोक्याला जोराचा झटका दिला आणि हात काढून घेतले. हात सुटले त्या क्षणी खोकं फळीवरून वर जातंय, वेग २ मी/से. एफबीडी काढा.

पुष्कळ जण वर जाणारा एक बाण काढतातच, कारण खोकं वर चाललंय. देणारा कोण, हा प्रश्न इथे विचारा. हात सुटले आहेत. वर नेणारं कुणी नाही. बाण तीनच: mg, N आणि f. खोकं वर सरकतंय म्हणून घर्षण खाली. फळीच्या बाजूने खाली २०० आणि खालीच १३९, मिळून ३३९. भागिले ४०, मंदन ८.५ मी/से². वेग दाखवायचाच असेल तर खोक्यापासून दूर, बाजूला, वेगळा बाण काढून त्यावर v लिहा. तो बलांच्या बाणांत मिसळू देऊ नका.

या मंदनाने खोकं सुमारे २४ सेंटिमीटर वर जाऊन क्षणभर थांबतं. थांबल्यावर पुन्हा विचारावं लागतं: आता ते तिथेच राहील का? लागणारं घर्षण २००, मिळणारं १७३. राहणार नाही. खाली घसरायला लागतं, आणि त्याबरोबर घर्षणाचा बाण उलटतो, आता वर १३९. खाली २०० वजा १३९, उरले ६१, त्वरण १.५ मी/से². एकच खोकं, एकच फळी, कुणाचा हात नाही, आणि जाताना ८.५ तर येताना १.५. दोन्ही वेळा एकच एफबीडी वापरणाऱ्याला हा फरक मिळत नाही. जिथून निघालं तिथे परत येताना त्याचा वेग सुमारे ०.८५ मी/से भरतो, निघतानाच्या निम्म्याहूनही कमी.

माणूस आडवा रेटू लागला तर

आता प्रश्न थोडा वाकवू. माणूस जमिनीवर उभा राहून खोकं फळीला समांतर नव्हे, तर आडवं, जमिनीला समांतर रेटतो. बल F. किती F लावला की खोकं वर सरकायला लागेल?

एफबीडीत फक्त एक बाण फिरला: P ऐवजी आडवा F. पण N = mg cosθ ही पाठ केलेली ओळ आता चालत नाही. आडव्या बलाचेही दोन घटक होतात. फळीच्या बाजूने वर F cosθ, आणि फळीत *आत* F sinθ. (फळी आडवी करून ताळा घ्या. θ = ० ला आडवं बल पूर्ण फळीच्या बाजूनेच जायला हवं, म्हणून cos.) माणूस खोकं वर रेटता रेटता फळीत दाबतोही आहे. म्हणून:

N = mg cosθ + F sinθ

सरकण्याच्या बेतात असताना घर्षण पूर्ण μN, खाली:

F cosθ = mg sinθ + μ (mg cosθ + F sinθ)

आकडे घालून सोडवलं की F सुमारे ६०६ न्यूटन येतो. समांतर रेटायला ३७३ पुरत होते. ताळा करू. ६०६ चा फळीच्या बाजूचा घटक ५२५. नॉर्मल ३४६ अधिक ३०३, म्हणजे ६४९, त्याचं घर्षण ३२५. २०० अधिक ३२५, ५२५. जुळलं. नॉर्मल जवळपास दुप्पट झाला, घर्षणही झालं. माणसाचा बराचसा जोर स्वतःच वाढवलेल्या घर्षणाशी झगडण्यात जातो.

याच समीकरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. F गोळा केला की डावीकडे F (cosθ − μ sinθ) उरतो. फळी इतकी उभी केली की हा कंस शून्य होईल, तर कितीही जोर लावला तरी खोकं वर जाणार नाही, जितकं रेटाल तितकं घट्ट बसेल. μ = ०.५ ला हे सुमारे ६३ अंशांना होतं.

उलट दोरी बांधून, फळीपासून थोडं वर उचलत ओढलं तर नॉर्मल कमी होतो. दोरीचा ताण T आणि तिचा फळीशी कोन φ असेल तर N = mg cosθ − T sinφ. दोरी किती तिरकी धरावी याचंही उत्तर निघतं: tanφ = μ, इथे सुमारे २७ अंश. तेव्हा ३७३ ऐवजी ३३४ न्यूटनमध्ये काम होतं. याहून जास्त उचलाल तर ओढण्याचा जोर उचलण्यातच खर्च होऊ लागतो.

N cosθ = mg कुठून येतं?

ही चूक हुशार मुलं करतात, म्हणून तिला थोडी जागा. खोकं उतारावर आहे, N तिरका आहे, त्याचा उभा घटक N cosθ, वजन mg, दोन्ही समान, म्हणून N = mg/cosθ. चांगलं तर्कशुद्ध वाटतं. ४०० भागिले ०.८६६, ४६२ न्यूटन. वजनापेक्षा जास्त!

हे येतं ते बँकिंगच्या धड्यातून. वळणावर कलवलेल्या, घर्षण नसलेल्या रस्त्यावर गाडी वळते तेव्हा N cosθ = mg हेच बरोबर असतं. दोन्हीकडे उतार तोच, नॉर्मल तसाच तिरका, मग फरक काय? फरक त्वरणाच्या दिशेचा. वळणारी गाडी रस्त्याच्या उतारावरून खाली येत नाही. तिचं त्वरण आडवं, वळणाच्या केंद्राकडे असतं. म्हणून उभ्या दिशेला त्वरण शून्य, आणि समतोलाचं समीकरण उभ्या दिशेला लिहायचं. घसरणाऱ्या खोक्याचं त्वरण फळीच्या बाजूने असतं, त्यात उभा भागही असतो. शून्य असतं ते फळीला लंब दिशेला. ज्या दिशेला त्वरण शून्य आहे त्याच दिशेला बलं समान ठेवता येतात.

खोकं स्थिर असेल तर मात्र उभ्या दिशेलाही समतोल असतोच की? असतो, पण मग घर्षणाचा उभा घटक विसरायचा नाही. आणि इथेच चांगला ताळा मिळतो. कुणी रेटत नसताना खोकं उतारावर स्थिर असेल, तर त्याच्यावर बलं देणारे दोघेच: पृथ्वी आणि फळी. पृथ्वी सरळ खाली ४०० देते, तर फळीने सरळ वर ४०० दिलेच पाहिजेत. म्हणून N आणि f यांची बेरीज सरळ उभी आली पाहिजे, आणि तिची लांबी mg एवढी. समजा फळी जास्त खरखरीत आहे आणि खोकं ३०° ला आपलं आपण टिकलं आहे. N = ३४६, f = २००. उभे घटक: ३४६ गुणिले ०.८६६ म्हणजे ३००, आणि २०० गुणिले ०.५ म्हणजे १००. बेरीज ४००. आडवे घटक १७३ आणि १७३, विरुद्ध दिशांना, कटले. एफबीडी काढल्यावर पट्टीने N च्या टोकाला f जोडून बघा. बेरजेचा बाण तिरका गेला तर कुठेतरी दिशा चुकली आहे.

बाण कुठून सुरू करायचे, आणि ठिपका कुठे पुरत नाही

आत्तापर्यंत खोक्याला आपण ठिपका मानलं. सगळे बाण मध्यातून काढले तरी सरकण्याच्या गणितात फरक पडत नाही. पण खोकं कलंडेल का, असं कुणी विचारलं की ठिपका पुरत नाही. तिथे वजन मध्यातून, घर्षण तळाच्या रेषेवरून, आणि नॉर्मल तळावरच्या नेमक्या जागेतून काढावा लागतो.

ती जागा तळाच्या मध्यावर नसते. घर्षण तळाशी वरच्या दिशेने लागतं, म्हणून ते खोक्याला उताराच्या बाजूला कलंडवू बघतं. त्याला तोल देण्यासाठी नॉर्मल मध्यापासून खालच्या बाजूला सरकतो. खोक्याची उंची h असेल तर कुणी न रेटता स्थिर असलेल्या खोक्यासाठी हे सरकणं (h/2) tanθ एवढं येतं. फळी जसजशी उभी होईल तसतसा नॉर्मल खालच्या कडेकडे जातो. कडेपर्यंत पोचला की पुढे जायला जागा नाही, आणि खोकं कलंडतं. उताराच्या दिशेने तळाची रुंदी b असेल तर ही वेळ tanθ = b/h ला येते. घसरण्याची वेळ tanθ = μ ला येते. दोहोंपैकी लहान कोण, तेच आधी घडतं.

हे घरी करून बघता येतं. ३० सेंटिमीटर लांबीचा पाट किंवा ड्रॉइंग बोर्ड घ्या. त्यावर काडेपेटी आडवी ठेवा आणि बोर्डाचं एक टोक हळूहळू उचला. पेटी घसरायला लागली की टोकाची उंची मोजा. समजा १२ सेंटिमीटर भरली. पाया √(३०² − १२²), म्हणजे २७.५. भागाकार ०.४४, हा तुमचा μ. बोटाने बोर्डाला टिचकी मारत उचलू नका, आकडा कमी येतो. चार-पाच वेळा करून सरासरी घ्या, कारण प्रत्येक वेळी आकडा थोडा हलतोच.

आता तीच पेटी अरुंद बाजूवर उभी करा, उंची ५ सेंटिमीटर आणि उताराच्या दिशेने रुंदी दीड असेल अशी. b/h म्हणजे ०.३. तुमचा μ ०.४४ आला असेल तर बोर्ड उचलताना ती घसरणारच नाही. टोक साडेआठ-नऊ सेंटिमीटर उंच होईल तेवढ्यात तोंडावर पडेल.